SHA म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे

"सर, परदेशातून पैसे मागवताना SHA म्हणजे बँकांचा खर्च दोघांत निम्मा-निम्मा, असं तुम्ही लिहिलंय. मी वसमतहून दुबईला हळद पाठवतो. गिऱ्हाइकाच्या स्टेटमेंटवर DR 5,000.00 आहे, अन् मला 4,970 डॉलरचेच रुपये मिळाले. 30 डॉलर कुणी खाल्ले? अर्धवट माहिती देऊन लोकांना अडचणीत आणू नका."

दादा, 'निम्मा-निम्मा' हा शब्द माझाच चुकला, तो आता काढतो. SHA मध्ये गिऱ्हाईक फक्त स्वतःच्या बँकेचे चार्जेस भरतं. पैसे जाताना मधल्या बँका जे कापतात ते, आणि तुमच्या बँकेचे, सगळे तुमच्याच पदरात पडतात. निम्म्याचा हिशोब कुठंच नाही.

गिऱ्हाइकाचं स्टेटमेंट खोटं नाही. DR म्हणजे त्याच्या खात्यातून गेलेली रक्कम, तिथं 5,000 च दिसणार. त्याच्याकडची स्विफ्ट कॉपीही 5,000 च सांगेल, कारण ती कपात व्हायच्या आधीची असते. म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. तुमच्या शाखेत पोहोचलेल्या मेसेजची कॉपी मागा. जुन्या धाटणीच्या कॉपीत अशा ओळी असतात:

```
:32A:250612USD4970,00
:33B:USD5000,00
:71A:SHA
:71F:USD20,00
:71F:USD10,00
```

33B म्हणजे गिऱ्हाइकानं पाठवायला सांगितलेली रक्कम. वाटेतल्या ज्या बँकेनं कापलं तिची एकेक 71F ओळ. इथं 20 अन् 10 असे दोघींनी कापले, म्हणून 32A मध्ये, म्हणजे तुमच्या बँकेच्या हाती, 4,970 आले. हाच कागद गिऱ्हाइकाला दाखवा. पण 32A मध्ये 5,000 असून तुम्हाला 4,970 चेच रुपये मिळाले असतील, तर भांडण दुबईशी नाही, आपल्याच शाखेशी आहे.

नव्या धाटणीच्या मेसेजमध्ये शब्द बदललेत, आणि तिथं भलेभले फसतात. SHA चं SHAR झालंय, ते कळतं. पण DEBT दिसलं की माणूस कर्ज समजून घाबरतो आणि CRED दिसलं की पैसे जमा झाले म्हणून खूश होतो! DEBT म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे, म्हणजे जुनं OUR. CRED म्हणजे सगळे तुमच्यावर, म्हणजे जुनं BEN.

पुढच्या इनव्हॉइसवरच OUR लिहून घ्या. गिऱ्हाईक कुरकुर करील, कारण त्याचा खर्च वाढतो. शिवाय डॉलरच्या पेमेंटमध्ये OUR असूनही एखादी मधली बँक कधी कधी कापतेच. तो तयार नसेल तर 500-500 चे तुकडे मागवू नका. प्रत्येक तुकड्याला 30 गेले तर शेकड्याला 6 गेले. एकत्र मागवा.

आणि हे 30 डॉलर बँक चार्जेस म्हणून दाखवायला शाखेला ती कॉपी द्या, नाहीतर EDPMS मध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का हे पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत, तुमच्या शिपिंग बिलावर बाकी दिसत राहू शकते.