आजीचा रुपया आणि दीड लाखाचं स्वप्न

चवथीची साफसफाई करताना आजीच्या पेटीत पोर्तुगीज चांदीचा रुपया मिळाला ना, राजा लुईसचं डोकं असलेला, 1882 चा? अभिनंदन, आता कामाला जाऊ नका. मोबाईल काढा, शोधा आणि जी जाहिरात दीड लाख मागते तीच खरी धरा. बाकीचे मूर्ख.

ती जाहिरात मागच्या चवथीपासून तिथेच आहे, हे बघू नका. विकायला ठेवलेलं आणि विकलेलं यात फरक काय असणार? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगड्याचा पहिला भाव ऐकून आपण पैसे मोजतोच ना गप्प! आणि एक गोष्ट सोपी आहे, जी नाणी ठीक भावात विकली ती यादीतून निघून जातात आणि महाग कचरा तेवढा उरतो, म्हणजे नवशिक्याला दिसतो तो सगळा न विकलेलाच माल. किती सोय!

ईबेवर Sold Items नावाची खूण असते, तिला चुकूनही हात लावू नका. लावलीत तर स्वप्न मोडेल. समजा सहा विक्र्या दिसल्या: 2800, 3000, 3100, 3300, 3400 आणि एक 11000. तुम्ही अर्थात 11000 वालाच घ्या, तो नाण्याचा दर्जा तपासून देणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत होता आणि तुमचा आजीने हारात घालायला कडी डकवलेला, वर चिंच लावून घासून लखलखीत केलेला, तरी काय झालं, राजा तोच ना. उगाच कोणीतरी डबीवाला बाजूला काढून, उरलेल्या पाचातला मधला म्हणजे 3100 धरेल आणि कडीच्या डागासाठी, चिंचेच्या घासणीसाठी आणखी खाली येईल. असले लोक घरात नकोत.

कुठे विक्रीच्या किमतीवर काट मारलेली असेल आणि बाजूला Best offer accepted लिहिलं असेल तर काटलेला आकडाच लिहून घ्या, खरा सौदा त्याच्या खाली झाला ते तुम्हाला दिसत नाही, म्हणजे नाहीच. आणि ईबे या विक्र्या साधारण मागच्या 90 दिवसांच्याच दाखवतं म्हणून तीन विक्र्या मिळाल्या की बास, चांदीचा भाव मधे कुठे गेला ते बघायचंच नाही.

हां, एक बारीक अडचण: शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरातन वस्तू कायद्याने देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही, म्हणजे परदेशातले ते डॉलर तुमच्यासाठी नाहीतच. मग इथल्याच लिलावघरांचे जुने निकाल बघावे लागतात, आणि त्यातही आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का ते विचारावं लागतं. कंटाळवाणं काम. सोडा.

तुम्ही आपली एक लाख पंच्याहत्तर हजाराची जाहिरात टाका. पुढच्या चवथीला कोणाच्या तरी पेटीत रुपया मिळेल, त्यालाही काहीतरी धरायला नको का.