आठवीच्या वर्गात मेलेलं बिल

यंदा आठवीच्या वर्गात 'कायदा कसा बनतो' हा धडा घेतला आणि आता ही पोस्ट लिहायला बसलोय, कारण गेली पंधरा वर्षं मी हा धडा चुकीचा शिकवत होतो असं मला आता स्पष्ट वाटतंय. चुकीचा म्हणजे पुस्तकातलं सगळं बरोबरच आहे, पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, दुसरं सभागृह, मग सही, पण आपण फळ्यावर बाण काढत जातो आणि पोरांना वाटतं की बिल एकदा गाडीत बसलं की शेवटच्या स्टेशनला उतरणारच. खरं तर कितीतरी बिलं वाटेतच उतरतात, आणि ती का उतरतात हे कळल्याशिवाय त्या बाणांना काही अर्थ नाही.

म्हणून यावेळी पाठाचं टिपण नव्याने लिहिलं, बोलायचं तसंच्या तसं, आणि उदाहरण घेतलं आपल्याच राज्याचं, जादूटोणा विरोधी कायद्याचं. सुरुवात अशी केली: "पोरांनो, समजा एकाला साप चावला. घरचे दवाखान्यात न्यायला निघाले आणि गावातल्या एका बाबाने अडवलं, म्हणाला मी मंत्राने उतरवतो. माणूस गेला. आता त्या बाबाला शिक्षा द्यायची तर नेमकं कोणत्या गुन्ह्यासाठी?" सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, "सर, खून." म्हटलं खून सिद्ध करायला मारायचा हेतू लागतो, बाबाला तर त्याला वाचवायचंच होतं असं तो सांगेल. म्हणजे 'उपचारापासून अडवणं' हाच वेगळा गुन्हा म्हणून कुठेतरी लिहून ठेवायला लागणार. कायद्याची गरज इथून सुरू होते, आणि आजच्या कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हे खरंच वेगळं लिहिलेलं आहे.

मग बिलाचा कागद. मंत्री ते सभागृहात मांडतात त्याला पुरःस्थापना म्हणतात, सोबत 'उद्देश व कारणे' असं एक निवेदन असतं, ते वाचलं की सरकारला हा कायदा का हवाय ते कळतं. खरी झटापट दुसऱ्या वाचनात, तिथे एकेक खंड घेतात, आमदार दुरुस्त्या सुचवतात, 'होय' की 'नाही' असं आवाजी मतदान होतं. एक गंमत सांगितली ती पोरांना आवडली, बिल असेपर्यंत त्यातल्या परिच्छेदाला 'खंड' म्हणायचं आणि कायदा झाला की तोच परिच्छेद 'कलम' होतो, म्हणजे बारशानंतर नाव बदलल्यासारखं.

आता मुख्य गोष्ट. हे बिल डिसेंबर 2005 मध्ये विधानसभेत पास झालं. पुस्तकातल्या बाणाप्रमाणे पुढे विधान परिषद, मग राज्यपाल, मग राजपत्र, दोन-तीन महिन्यांचं काम. झालं काय, तर परिषदेत ते अडलं, चिकित्सा समितीकडे गेलं, या बिलाने वारी, कीर्तन, नवस सगळं बंद होईल अशी भीती बाहेर पसरली, वर्षं गेली आणि 2009 ला निवडणूक आली. विधानसभा विसर्जित झाली आणि बिल मेलं. कागदावरचा शब्द 'व्यपगत'. मागच्या बाकावरून लगेच आलं, "सर म्हणजे एक्सपायर." म्हटलं हो, औषधासारखंच.

इथे पोरं अडकली आणि अडकायलाच हवी होती. एक मुलगी म्हणाली, "पण सर विधानसभेने तर पास केलं होतं ना, मग परिषद संपली नाही तर बिल कसं संपलं?" हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता बघा, घरी जाऊन राज्यघटना उघडली, कलम 196. नियम असा, जे बिल विधानसभेने पास केलंय आणि परिषदेत पडून आहे ते विधानसभा विसर्जित झाली की संपतं. उलट जे परिषदेत सुरू झालं आणि विधानसभेने अजून पास केलेलंच नाही, ते जिवंत राहतं. ऐकायला विचित्र, पण कारण सरळ आहे. ज्यांनी 'होय' म्हटलं ते आता आमदारच उरले नाहीत, त्यांचा होकार नवीन सभागृहाच्या गळ्यात कसा बांधणार? परिषद मात्र कधीच विसर्जित होत नाही, तिथे थोडे थोडे सदस्य बदलत राहतात, त्यामुळे तिचं स्वतःचं बिल टिकतं.

मग दुसऱ्या दिवशी मी त्यांना जे सांगितलं ते आमच्या आठवीच्या पुस्तकात शोधून सापडलं नाही. परिषद बिल कायमचं अडवू शकत नाही. कलम 197, परिषदेने बिल नाकारलं किंवा तीन महिने पास केलंच नाही, तर विधानसभा तेच बिल पुन्हा पास करू शकते, आणि त्यानंतर परिषदेला फक्त एक महिना. महिना उलटला की तिने पास केलं नसलं तरी दोन्ही सभागृहांनी पास केलं असं धरतात. म्हणजे चार-पाच महिन्यांचा रस्ता उपलब्ध होता आणि सरकार त्यावरून चाललं नाही. माझं स्पष्ट मत आहे की ते घटनेने अडलं नव्हतं, मतांच्या भीतीने अडलं होतं, आणि पोरांना हा फरक आठवीतच कळायला हवा, नाहीतर मोठेपणी ती म्हणणार 'सिस्टीमच तशी आहे' आणि गप्प बसणार.

पुढचं तुम्हाला माहितेय. नवीन बिल 2011 ला पुन्हा मांडलं, पुन्हा रखडलं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात, या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर चार दिवसांत राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली. चार दिवस! इतकी वर्षं जे होत नव्हतं ते. पण अध्यादेश म्हणजे तात्पुरता परवाना, अधिवेशन चालू नसताना काढता येतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहांनी पास केलं नाही तर तो गळून पडतो. म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात 13 डिसेंबरला विधानसभेने आणि 18 डिसेंबरला परिषदेने ते पास केलं. त्यात एक कलम मुद्दाम आहे, 12 वं, की प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. वारकऱ्यांच्या भीतीचं उत्तर शेवटी भाषणात नाही तर कलमात द्यावं लागलं. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझं टिपण बघून म्हटलं की एवढं लांबण कशाला, परीक्षेत चार मार्कांचा तर प्रश्न, वाचनांचे टप्पे पाठ करून घ्या. त्यांचंही चूक नाही, सिलॅबस संपवायचाय. पण घटक चाचणीत त्याच प्रश्नाला परिषदेबद्दल विचारणारी ती मुलगी काय करून आली बघा, तिने पुस्तकातले सगळे बाण बरोबर काढले आणि विधान परिषदेच्या चौकोनातून बाजूला एक वाकडा बाण काढून लिहिलं, 'इथे निवडणूक आली तर पुन्हा पहिल्यापासून'. मार्क पैकीच्या पैकी दिले आणि पेपर झेरॉक्स काढून ठेवलाय.