निकालाचा फलक आणि तुमचा राग

प्रतिक्रिया: «एवढा निकाल लावणाऱ्या क्लासला तुम्ही ‘सरासरी’ म्हणता? स्वतः कधी फळ्यासमोर उभे राहिला आहात का? फीबद्दलही अर्धवट लिहिलंय, हप्त्यांची सोय सांगितलीच नाही. आणि दोन-चार तास मागे बसून शिकवण्याची पारख होत नसते. माझी मुलगी तिथेच जाते आणि खूश आहे.»

तुमची मुलगी खूश आहे याचा आनंदच आहे. पण ‘फळ्यासमोर उभे राहिला आहात का’ हा प्रश्न नाही, टोमणा आहे. मतभेद सभ्य शब्दांतही मांडता येतो. तरी विचारलंच आहे तर सांगतो. मी क्लासमध्ये गणित शिकवलंय, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे निकालाच्या दिवशी फलकासाठी नावं गोळा करायचं कामही केलंय. यादी घेऊन फोन लावत बसायचो. वर्षभर आमच्याकडे असलेल्या मुलांना तर फोन जायचाच, पण ज्यांनी फक्त शेवटची सराव परीक्षा दिली होती, त्यांनाही जायचा. ‘फोटो पाठव, अभिनंदन!’ एकच मुलगा दोन क्लासच्या फलकांवर हसताना दिसतो तो असा. त्यामुळे ‘एवढा निकाल’ हे शब्द माझ्यापुढे जरा जपून वापरा.

आता तो निकाल मोजू. आकडे सोपे करून घेतो. फलकावर 48 नावं आहेत. त्यातली 12 मुलं नुसत्या सराव परीक्षांची, म्हणजे नियमित मुलांची 36 उरली. वर्षाच्या सुरुवातीला प्रवेश झाले 600. त्यातल्या 60 जणांची प्रवेश चाचणी घेऊन ‘विशेष’ बॅच केलेली असते आणि 36 पैकी 30 नावं तिच्यातली निघतात. म्हणजे त्या बॅचमध्ये दोघांत एक. उरलेल्या 540 मुलांत किती? सहा. नव्वदात एक! क्लास एकच, फीही बहुतेक सारखीच, आणि फलक पाहून प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांची मुलं जातात ती या 540 मध्ये. तरी मधेच सोडून गेलेल्यांचा विषय मी काढलेला नाही. त्यांना वगळून भागाकार केला की टक्केवारी आणखी गोजिरी दिसते.

त्या 30 जणांचं श्रेयसुद्धा पूर्ण क्लासचं नाही, कारण ती मुलं दारातून आत आली तेव्हाच पुढे होती. क्लासची किंमत कळते मधल्या मुलांवरून. म्हणून मी तिथे विचारलं होतं की साध्या बॅचमधल्या मुलांचे प्रवेश चाचणीतले आणि वर्षअखेरचे गुण, नावं झाकून, शेजारी शेजारी दाखवाल का? एका वर्षाचे नको, तीन वर्षांचे दाखवा, कारण लहान बॅचमध्ये दोन हुशार मुलं आली तरी आकडा फुगतो. नोंद ठेवणाऱ्याला हे काढायला वेळ लागत नाही. मला मात्र चहा मिळाला आणि पहिल्या आलेल्या मुलीची गोष्ट ऐकायला मिळाली. ‘सरासरी’ हा शब्द तिथून आला, आणि खरं तर तो मी सौम्यच वापरला.

हप्त्यांचा उल्लेख राहिला, हे मान्य. आता तो घालतो, पण पूर्ण घालतो. हप्ते तीन आहेत आणि पहिल्या दोनांतच बहुतेक रक्कम जाते. तोवर अभ्यासक्रमाचा तिसरा हिस्साही झालेला नसतो. म्हणजे क्लास पटला नाही हे कळायच्या आत पैसे अडकलेले. याला सोय म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा.

शिकवण्याबद्दल फार बोलत नाही. मी नमुना तासाला बसलो नव्हतो, साध्या बॅचमध्ये बसलो होतो. नमुना तास घेणारे सर तिथे फिरकतही नाहीत. आणि केवळ बसून निष्कर्ष काढलेला नाही, तपासलेले पेपर पाहिले. चुकलेल्या गणितावर एक फुली आणि शून्य, बस्स. कोणत्या पायरीला घसरला याची खूण नाही. ज्या मुलाचं समीकरण बरोबर मांडलंय पण चिन्ह चुकलंय आणि ज्याला मांडताच आलं नाही, दोघांना सारखंच शून्य. तुमच्या मुलीचा शेवटचा पेपर काढून हे स्वतः बघा, माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

आणि तिची बॅच कोणती, हे तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलं नाहीत. ती ‘विशेष’ असेल तर तुमचा अनुभव खरा आहे, पण इथे वाचणाऱ्या बाकीच्यांच्या कामाचा नाही. साधी असेल तर तिच्या बॅचचे आधीचे आणि नंतरचे गुण क्लासकडून मागा आणि इथे टाका. आकडे चांगले निघाले तर मी ‘सरासरी’ खोडतो. तोवर शब्द तसाच राहील.