लेहमध्ये स्वयंपाक लवकर होतो का? एक खुलासा

दावा: "लेहला पाणी लवकर उकळतं, त्यामुळे डाळ-भातही लवकर शिजतो आणि गॅस वाचतो."

यातला पहिला भाग खरा आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. पाण्याच्या वाफेचा दाब भोवतालच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असल्याने ही स्थिती 88 अंशांच्या आसपासच येते. त्यापुढे आच कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यातले पाणी अधिक तापत नाही, फक्त भराभर आटते (गॅस जातो तो इथेच). अन्न शिजते ते तापमानामुळे, बुडबुड्यांमुळे नव्हे. म्हणून भात रेंगाळत का होईना शिजतो, पण राजमा तासन्‌तास खळखळूनही बोटाने चेपला जात नाही.

कुकरची शिट्टी बाहेरच्या दाबावर ठरावीक दाबाची भर घालते. त्यामुळे मुंबईत सुमारे 120 अंशांवर शिजणारी डाळ लेहमध्ये कुकरमध्येही 114 अंशांच्या आसपास शिजते आणि तिला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. तव्यावरच्या पोळीला यातले काहीच लागू नाही.