अकाउंट्सला पत्र लिहिताना घ्यावयाची काळजी

कंपनीच्या कामासाठी खिशातून केलेला खर्च परत मागण्याची वेळ आली, तर आपण कंपनीकडे उसने मागायला निघालो आहोत, असे आधी मनाशी पक्के करावे. एवढे जमले की पत्राची भाषा आपोआप जमते आणि आपले पैसे कंपनीकडे दीर्घकाळ सुरक्षित राहतात. आदर्श पत्राचा नमुना पुढीलप्रमाणे आहे: "महोदय, माझा काही खर्च बऱ्याच दिवसांपासून प्रलंबित आहे. आपण कामात व्यग्र असाल याची कल्पना आहे, तरी सवड मिळाल्यास कृपया लक्ष घालावे, ही नम्र विनंती."

या पत्राचे सौंदर्य त्यात काय नाही यात आहे. त्यात दाव्याचा क्रमांक नाही, रक्कम नाही, दावा कधी भरला आणि साहेबांनी कधी मंजूर केला याच्या तारखा नाहीत. त्यामुळे अकाउंट्समधल्या माणसाला काहीही शोधता येत नाही आणि तो संपूर्ण प्रामाणिकपणे "तपासून कळवतो" असे उत्तर देऊ शकतो. शिवाय सवड मिळाल्यास, ही अट आपणच घालून दिल्यामुळे सवड मिळाली नाही, हे पुढच्या सहा महिन्यांचे उत्तरही आपणच पुरवलेले असते. इतकेही धाडस होत नसेल तर पत्र लिहूच नये. कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत अकाउंट्समधला ओळखीचा कुणी दिसला की "अहो, आमचं बघा जरा" एवढे म्हणावे. त्याची नोंद कुठेच राहत नाही आणि संबंधही चांगले राहतात.

पत्र लिहिण्याआधी कंपनीचे प्रवासखर्चाचे धोरण चुकूनही वाचू नये. बहुतेक धोरणांत कर्मचाऱ्याने किती दिवसांत दावा भरावा आणि न भरल्यास तो कसा बाद होईल, हे ठळक अक्षरांत असते, आणि मंजुरीनंतर कंपनीने किती दिवसांत पैसे द्यावेत, हे असलेच तर चार पाने पुढे साध्या अक्षरांत असते. ते दुसरे वाक्य सापडले तर मनःशांती बिघडते. कायद्याकडेही वळू नये, कारण तिथे फारसे हाती लागत नाही. पगार कोणत्या तारखेपर्यंत झाला पाहिजे हे कायद्याने ठरवलेले आहे, पण कामाच्या स्वरूपामुळे कर्मचाऱ्याला कराव्या लागणाऱ्या खास खर्चाची भरपाई वेतनाच्या व्याख्येतून वगळलेली असल्यामुळे ती तारीख या पैशांना लागू होत नाही. कंपनीला खिळे पुरवणारा नोंदणीकृत लघुउद्योजक 45 दिवसांची कायदेशीर मर्यादा दाखवू शकतो. तेच खिळे ऐनवेळी दुकानातून रोखीने आणून देणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र धोरणातल्या त्या साध्या अक्षरांखेरीज फारसा आधार नाही, म्हणूनच ती न वाचणे इतके महत्त्वाचे आहे.

हे पथ्य न पाळल्याने काय होते, याचे एक उदाहरण आमच्या ओळखीतल्या एका सर्व्हिस इंजिनिअरने घालून दिले आहे. पुण्याची कंपनी, जीएसटी नोंदणी फक्त महाराष्ट्रात, आणि ग्राहकाकडे मशीन चालू करून देण्यासाठी या गृहस्थांची इंदूरला रवानगी झालेली. 9 ते 12 फेब्रुवारी 2026 असे ते तिथे राहिले. जाता-येता बसचे 2,800 रुपये, हॉटेलच्या तीन रात्रींचे प्रत्येकी 2,400 प्रमाणे 7,200 आणि त्यावर पाच टक्के जीएसटीचे 360, स्थानिक रिक्षा-टॅक्सीचे 1,140, मशीनची एक सेन्सर केबल आणि कपलिंग तिथल्याच दुकानातून घेतले त्याचे 3,850, आणि चार दिवसांचा दैनिक भत्ता 500 प्रमाणे 2,000, असा एकूण 17,350 रुपयांचा दावा त्यांनी भरला. निघताना 5,000 रुपये आगाऊ घेतले होते, म्हणजे कंपनीकडून येणे राहिले 12,350.

साहेबांनी दोनच दिवसांत मंजुरी दिली, आणि दावा अकाउंट्समध्ये जाऊन पडला. तिथे एकजण नोंद करतो, दुसरा तपासतो आणि तिसरा आठवड्यातून एकदा सगळी पेमेंट्स एकत्र बँकेकडे सोडतो. तपासणाऱ्याला हॉटेलच्या बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक दिसला नाही, म्हणून त्याने संपूर्ण दावा परत पाठवला. ही पद्धत फार सोयीची आहे. परत पाठवलेला दावा पोर्टलवर कर्मचाऱ्याच्याच पानावर जाऊन बसतो, त्याची सूचना येतेच असे नाही, आणि खुलासा लिहून तो पुन्हा पाठवला की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. त्यातही एका वेळी एकच शंका काढावी, असा संकेत आहे. जीएसटी क्रमांकाचे उत्तर आल्यावर रिक्षाच्या पावत्यांवर तारीख नीट दिसत नसल्याचे लक्षात येते.

चांगल्या कर्मचाऱ्याने अशा वेळी इंदूरच्या हॉटेलला फोन करून, जे बिल बदलून देण्याची त्यांना काहीही गरज नाही ते बदलून देण्यासाठी गळ घालावी आणि त्यात एप्रिल घालवावा. आमचे इंजिनिअर मात्र विचार करू लागले, आणि तिथूनच सगळे बिघडले. जीएसटीच्या नियमाप्रमाणे हॉटेलात राहण्याच्या सेवेचे ठिकाण हॉटेल जिथे उभे आहे तेच धरले जाते, राहणारा कुठून आला हे पाहिले जात नाही. त्यामुळे इंदूरच्या बिलावर केंद्राचा आणि मध्य प्रदेशाचा कर लागतो, आणि ज्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात आहे तिला त्या कराचे क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर स्वतःच्या देय जीएसटीतून वजा करता येत नाही, मग बिलावर तिचा क्रमांक असो वा नसो. मुक्काम नाशिकला असता तर अकाउंट्सचे म्हणणे बरोबर ठरले असते. तिथे क्रमांक नसल्यामुळे कंपनीचे 360 रुपयांचे क्रेडिट खरोखर बुडाले असते आणि हॉटेलकडून दुरुस्त बिल मागवणे कर्मचाऱ्याचेच काम होते. इंदूरच्या बाबतीत बुडण्यासारखे काही नव्हतेच, आणि तरीही जे 360 रुपये कंपनीला कधीच मिळणार नव्हते, त्यांच्यासाठी 12,350 अडकून पडले होते.

त्यानंतर त्यांनी 20 एप्रिलला जे पत्र लिहिले, ते कसे लिहू नये याचा नमुना म्हणून इथे देत आहे.

"विषय: फेब्रुवारी 2026 च्या इंदूर दौऱ्याचा प्रवासखर्च, येणे रक्कम रु. 12,350.

महोदय, वरील दौऱ्याचा दावा मी 16 फेब्रुवारी रोजी भरला असून विभागप्रमुखांनी तो 18 फेब्रुवारी रोजी मंजूर केला आहे. प्रवासखर्च धोरणानुसार मंजुरीनंतर 15 कामाच्या दिवसांत रक्कम मिळणे अपेक्षित होते. ती आजपर्यंत मिळालेली नाही. बस रु. 2,800, हॉटेल रु. 7,560 (त्यात जीएसटी रु. 360), स्थानिक प्रवास रु. 1,140, सुटे भाग रु. 3,850 आणि दैनिक भत्ता रु. 2,000, असा एकूण खर्च रु. 17,350 असून त्यातून आगाऊ रक्कम रु. 5,000 वजा केली आहे. सर्व पावत्या दाव्यासोबत जोडल्या आहेत.

आपली हरकत हॉटेलच्या बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नसल्याबद्दल आहे. हॉटेल मध्य प्रदेशात असल्याने आणि आपली नोंदणी तेथे नसल्याने या कराचे क्रेडिट कंपनीला मिळणार नव्हते, असे मला वाटते. कृपया आपल्या कर सल्लागारांकडून खात्री करून घ्यावी. तोपर्यंत रु. 360 बाजूला ठेवून, ज्याबद्दल वाद नाही ती रु. 11,990 ची रक्कम 30 एप्रिलपर्यंत माझ्या खात्यात जमा करावी आणि यूटीआर क्रमांक कळवावा. अन्य काही शंका असल्यास त्या सर्व एकत्रितपणे 24 एप्रिलपर्यंत कळवाव्यात, मी त्याच दिवशी खुलासा देईन. तसेच 31 मार्च रोजी हिशेब बंद करताना या खर्चाची तरतूद केली आहे का, हेही कृपया कळवावे. आपला विश्वासू."

या पत्रात एकही कठोर शब्द नाही, आणि तेच त्याचे दुष्टपण आहे. ओरडणाऱ्या माणसाला "भाषा सांभाळा" म्हणता येते, पण बेरीज बरोबर असलेल्या माणसाला काय म्हणणार? यूटीआर मागणे तर निव्वळ अविश्वास आहे. "पैसे पाठवलेत" याचा अर्थ अनेकदा व्हाउचर बनवले आहे, इतकाच असतो, आणि बँकेतून रक्कम खरोखर निघाल्याशिवाय तो क्रमांक तयारच होत नाही. तो मागितला की अकाउंट्सला "पाठवलेत" या शब्दाचा मोकळा वापर करता येत नाही. वादाची रक्कम वेगळी काढणे हाही गनिमी कावाच म्हणायचा, कारण एका पावतीच्या आधाराने सगळा दावा रोखून धरण्याची सोय त्यात राहत नाही.

शेवटच्या प्रश्नाने तर कमालच केली. मार्चअखेर तरतूद केली असेल, तर कंपनीने तो खर्च आपल्या वहीत आधीच मांडून नफ्यातून वजा केलेला आहे, म्हणजे खर्च झाला हे कंपनीला मान्य आहे आणि फक्त देणे बाकी आहे. तरतूद केली नसेल, तर मंजूर झालेला खर्च हिशेबातून सुटला कसा, हे ऑडिटरला सांगावे लागते. "मागच्या वर्षाचं आहे, आता बुक्स बंद झाली" हे एप्रिलमधले हमखास चालणारे उत्तर त्यामुळे कुठल्याच बाजूने देता येईना. पत्राची प्रत विभागप्रमुखांना होती, एवढेच. संचालकांपासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळ्यांना प्रती पाठवण्याची चांगली चाल त्यांना सुचली नाही, नाहीतर मूळ मुद्दा मागे पडून "ही काय पद्धत झाली" यावर महिनाभर चर्चा घडवता आली असती.

परिणाम व्हायचा तो झाला. 29 एप्रिलला 11,990 रुपये यूटीआर क्रमांकासह खात्यात जमा झाले, आणि अकाउंट्समध्ये आता त्यांना कुणी "या, बसा" म्हणत नाही. कर सल्लागारांनीही हॉटेलबद्दलचे म्हणणे मान्य केले आहे. फक्त जुना दावा पोर्टलवर पूर्ण झाल्याचे दाखवत असल्यामुळे उरलेल्या 360 रुपयांसाठी नवा दावा भरावा आणि सोबत हॉटेलच्या बिलाची मूळ प्रत जोडावी, असे त्यांना कळवण्यात आले आहे. ती मूळ प्रत फेब्रुवारीपासून अकाउंट्सच्याच फायलीत आहे.