परदेशातून : चलान थकवणाऱ्याचा फायदा कुठे?

दुबईत गाडी चालवायची सवय झालेला सोलापूरचा एक सहकारी अबूधाबीत पहिल्यांदाच गेला आणि मोबाईलवर दंडाचा मेसेज घेऊन परतला. शंभरची पाटी, गाडी ११८ वर. दुबईत पाटीपेक्षा वीसपर्यंत जास्त चालतं, त्यापुढे कॅमेरा टिपतो. अबूधाबीने ही सूट २०१८ मध्येच काढून टाकली. तिथे पाटीवरचा आकडा हीच हद्द. ‘सालिकचे असतील, टोलचे,’ असं ऑफिसातला दुसरा एक जण छातीठोक सांगत होता. टोलचा इथे काहीच संबंध नव्हता.

वीसच्या आतल्या जादा वेगाला दंड ३०० दिरहम. अबूधाबी सरकारच्या TAMM अॅपवर पाहिला, तर साठ दिवसांत भरला तर पस्तीस टक्के सूट, म्हणजे १९५. त्यानंतर वर्षभरात भरला तर पंचवीस टक्के, २२५. पुढे पूर्ण ३००. शिवाय दंड थकला की गाडीची नोंदणी नूतनीकरण होत नाही. त्याने चहा संपायच्या आत भरून टाकला. गाडी भाड्याची असती, तर चलान आधी कंपनीकडे गेलं असतं आणि तिने वर आपला आकार लावला असता.

आमच्या पुण्याच्या भाच्याचं धोरण नेमकं उलटं. ‘मामा, लोकअदालत येऊ दे, तिथे तडजोड होते.’ अर्धं खरं आहे. तडजोड होते, पण त्यामुळे वेळेवर भरणारा पूर्ण पैसे देतो आणि थांबणाऱ्याचे वाचतात. आपल्याकडे दंड जास्त की कमी यावर वाद घालतात. मला हा उलटा क्रमच जास्त खटकतो. सूट द्यायचीच तर आधी भरणाऱ्याला द्या.

पण वसुलीच्या नावाने गाडीवाल्यालाच झोडणंही पटत नाही. २०२१ च्या नियमानुसार कॅमेऱ्याच्या चलानाची नोटीस पंधरा दिवसांत यायला हवी. मेसेज मात्र आरटीओत नोंदलेल्या नंबरवर जातो. तो नंबर बंद किंवा आधीच्या मालकाचा असेल, तर कळणार कसं? माझ्या ओळखीत एकाची गाडी पुण्यात वडील चालवतात आणि नोंदलेला नंबर त्याचा जुना, कधीच बंद पडलेला. त्याने सुट्टीत mahatrafficechallan.gov.in वर गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले, तेव्हा थकलेली चलानं एकदम समोर आली. एका फोटोतली गाडी त्याची नव्हतीच, नंबरातला एक आकडा वेगळा वाचला गेला होता. म्हणून पैसे भरण्याआधी फोटो, जागा आणि वेळ पाहावी. चूक असेल तर तिथेच तक्रार करावी. त्याची तक्रार अजून तशीच पडून आहे.

आणि व्हॉट्सअॅपवर चलानाच्या नावाने येणारी एपीके फाईल उघडूच नका. खरं चलान पाहायला काहीही डाउनलोड करावं लागत नाही.