पावतीवर सहा, हातात पाच

पुन्हा तेच! पावतीवर सहा कपडे, गठ्ठ्यात पाच, आणि तुमच्या लाँड्रीच्या काउंटरवर ठरलेलं उत्तर: "येईल हो, शोधतोय." कुठे शोधताय ते तरी सांगा. पावतीवर तुमच्याच अक्षरात 'राखाडी लोकरी कोट' लिहिलंय, म्हणजे तो तुमच्या ताब्यात आला यावर वाद नाही. प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी लावता ना? ती गळून पडली असेल तर कोट तुमच्याच बेवारस कपड्यांत लटकत असणार. नाहीतर कपडे परत जुळवताना तो माझ्या आगेमागच्या नंबरांच्या गिऱ्हाइकाकडे गेला. त्यांना आजच फोन करा. लोक धुऊन आलेले कपडे कव्हरसकट कपाटात टाकतात आणि महिनोन्महिने उघडतही नाहीत.

आठवड्याभरात कोट द्या, नाहीतर तसाच दुसरा किंवा पैसे. आणि पावतीमागची ती बारीक ओळ दाखवू नका, 'भरपाई धुलाईच्या दराच्या अमुक पट'. धुलाईच्या दराचा आणि कोटाच्या किमतीचा संबंध काय? तसाच कोट आज घ्यायला जेवढे पडतील, त्यातून दोन वर्षांच्या वापराची घट वजा करा, ते मला मान्य आहे. खरेदीचं बिल आणि कोट घातलेला फोटो सोबत जोडलाय. त्याच्या धुलाईचे घेतलेले पैसेही परत हवेत. जो कपडा हातात आलाच नाही, त्याची कसली धुलाई? आणि उत्तर लेखी द्या, पावतीच्या नंबरासकट. तोंडी "बघतो" आता चालणार नाही.